सातच्या जागी सहा

१२ व्होल्टची एक बॅटरी, तीन रेझिस्टर आणि शंकरपाळ्याच्या आकाराची एक खूण. खुणेच्या पोटात बाण, शेजारी लिहिलेलं `0.5 i`. इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाच्या वहीत अशी सर्किटं हमखास सापडतात. प्रश्न एकच असतो: अमक्या नोडवर व्होल्टेज किती? या सर्किटचं गणित घाईत सोडवलं की उत्तर येतं ६ व्होल्ट. पडताळा घ्यावा, तर नोडवर येणारा आणि नोडवरून जाणारा प्रवाह चोख जुळतो. तरी शंका आली म्हणून पॉवरचा हिशेब मांडावा, तर तोही पैन् पै लागतो. खरं उत्तर मात्र ७ व्होल्ट आहे.

दोन-दोन पडताळे पास होणारं चुकीचं उत्तर ही चमत्कारिक गोष्ट आहे. ते कुठून येतं हे बघायचं तर आधी सर्किट नीट समोर मांडून घेतलेलं बरं.

बॅटरीचं ऋण टोक ग्राउंडला जोडलंय, म्हणजे तिथं शून्य व्होल्ट. धन टोकाला म्हणू या नोड १. तिथं अर्थातच १२ व्होल्ट आहेत. नोड १ पासून ६ किलोओहमचा एक रेझिस्टर थेट ग्राउंडला जातो. त्याच नोडपासून ३ किलोओहमचा दुसरा रेझिस्टर नोड २ कडे जातो. नोड २ वरून २ किलोओहमचा तिसरा ग्राउंडला उतरतो. राहिलं शंकरपाळं. ते ग्राउंडमधून प्रवाह उचलतं आणि नोड २ मध्ये ओततं. किती ओततं, तर बॅटरीच्या धन टोकातून जितका प्रवाह बाहेर पडतोय त्याच्या निम्मा. बॅटरीच्या या प्रवाहाचं नाव i. नोड २ चं व्होल्टेज काढायचंय.

हे गणित ज्या पद्धतीनं सोडवतात तिचं नाव नोड अ‍ॅनालिसिस. तिच्या मुळाशी गुस्टाव्ह किरखॉफचा नियम आहे. त्यानं तो १८४५ साली मांडला तेव्हा तो क्योनिग्सबर्गला शिकणारा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. नियम साधा आहे: तारा जिथं एकत्र येतात त्या नाक्यावर जितका प्रवाह येतो तितकाच निघून जातो. नाक्यावर पार्किंगची सोय नाही. नोड अ‍ॅनालिसिसमध्ये प्रत्येक नाक्यासाठी हा जमाखर्च लिहितात, आणि एक ठराव पाळतात. अज्ञात म्हणून फक्त नोडची व्होल्टेज घ्यायची, प्रवाहांना वेगळी अक्षरं द्यायची नाहीत. एखादा प्रवाह लागलाच तर त्या रेझिस्टरच्या दोन टोकांच्या व्होल्टेजमधला फरक घ्यायचा आणि रोधानं भागायचा. ओहमचा नियम हा इथला दुभाषी. प्रवाहाबद्दलची प्रत्येक गोष्ट तो व्होल्टेजच्या भाषेत सांगतो. अज्ञातांची संख्या आटोक्यात राहते ती यामुळेच.

शंकरपाळं नेमकं या ठरावाच्या आड येतं. पाठ्यपुस्तकात त्याला परावलंबी स्रोत म्हणतात, वर्गात सगळे डिपेंडंट सोर्स म्हणतात. बॅटरी आपले १२ व्होल्ट देते, बाकीच्या सर्किटमध्ये काय चाललंय याच्याशी तिला देणंघेणं नाही. डिपेंडंट सोर्स मात्र दुसरीकडे बघून आपलं माप ठरवतो. ठिबक सिंचनाच्या मुख्य पाइपातून जितकं पाणी जाईल त्या प्रमाणात खताचं द्रावण सोडणारा डोसिंग पंप ज्यांनी पाहिलाय, त्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही. पाण्याचा प्रवाह एका पाइपात, खताचा दुसऱ्या. पण पहिला वाढला की दुसरा वाढतो. इलेक्ट्रॉनिक्समधलं सर्वांत ओळखीचं उदाहरण ट्रान्झिस्टरचं. त्याच्या बेसमध्ये शिरणाऱ्या इवल्याशा प्रवाहाच्या शंभर-दोनशे पट प्रवाह कलेक्टरमधून वाहतो. कागदावर ट्रान्झिस्टर मांडताना हेच शंकरपाळं काढतात.

आता अडचण अशी, की आपल्या सोर्सचं माप ठरवणारा i हा प्रवाह आहे आणि आपण तर प्रवाहांना अक्षरं न देण्याचं ठरवलंय. नोड २ चा जमाखर्च लिहू या. व्होल्टला किलोओहमनं भागलं की प्रवाह थेट मिलिअँपिअरमध्ये मिळतो, म्हणून तीच एककं.

```
V2/2 = (12 − V2)/3 + 0.5 i
```

डावीकडे नोडवरून खाली जाणारा प्रवाह, उजवीकडे येणारे दोन. समीकरण एक, अज्ञात दोन: V2 आणि i. म्हणजे i ला व्होल्टेजच्या भाषेत आणल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. रेझिस्टरमधला प्रवाह असता तर दुभाष्याला हाक मारली असती. पण हा प्रवाह बॅटरीतला आहे, आणि बॅटरीला ओहमचा नियम लागू नाही. तिच्या टोकांमधले १२ व्होल्ट आपल्याला ठाऊक आहेत; तेवढ्यावरून तिच्यातून १ मिलिअँपिअर जातोय की १० अँपिअर हे कुणीही सांगू शकणार नाही.

घोटाळा होतो तो इथं. सोडवणाऱ्याची नजर बॅटरीवरून निघते, ३ किलोओहमच्या रेझिस्टरमधून नोड २ कडे जाते आणि तो लिहून मोकळा होतो: i = (12 − V2)/3. बॅटरीतून निघालेला प्रवाह पुढे याच वाटेनं तर येतोय! मग समीकरण सुटतं, V2 = 6. आता त्याचा पडताळा बघा. ३ किलोओहममधून २ मिलिअँपिअर येतात, सोर्स त्याच्या निम्मा म्हणजे १ देतो, खाली ३ जातात. जुळलं. पॉवरचा हिशेब: बॅटरी ४८ मिलिवॉट देते, सोर्स ६, एकूण ५४. तिन्ही रेझिस्टर अनुक्रमे २४, १२ आणि १८ खातात, बेरीज ५४. हेही जुळलं.

पण पॉवरच्या हिशेबात बॅटरीचे ४८ मिलिवॉट आले कुठून? १२ व्होल्ट गुणिले ४ मिलिअँपिअर. म्हणजे बॅटरीतून प्रत्यक्षात ४ मिलिअँपिअर निघतायत: २ नोड २ कडे आणि २ त्या ६ किलोओहमच्या रेझिस्टरमधून थेट ग्राउंडला. सोर्सनं त्याच्या निम्मे, २ मिलिअँपिअर, द्यायला हवे होते. तो देतोय १. किरखॉफचा नियम आणि पॉवरचा ताळा या दोघांनाही सोर्सनं कुणाकडे बघून माप ठरवायचं होतं हे माहीत नसतं. आलेला आकडा ते फक्त जमाखर्चात बसवतात. म्हणून डिपेंडंट सोर्स असलेल्या गणितात तिसरा पडताळा लागतो: उत्तर हाती आल्यावर नियंत्रण करणारा प्रवाह नव्यानं मोजायचा आणि सोर्स खरोखर सांगितल्याइतका प्रवाह देतोय का ते बघायचं. दोन ओळींचं काम आहे, पण बहुतेक वह्यांत त्या दोन ओळी नसतात.

योग्य मार्ग फारसा लांबचा नाही. बॅटरीला ओहमचा नियम लागत नसला तरी ती ज्या नाक्यावर उभी आहे तिथं किरखॉफ लागू आहेच. नोड १ मधून जेवढं बाहेर जातं तेवढं बॅटरीनं दिलेलं असणार:

```
i = 12/6 + (12 − V2)/3 = 6 − V2/3
```

हे पहिल्या समीकरणात घातलं की V2 = 7 येतं. तिसरा पडताळा: i निघतो ३.६७ मिलिअँपिअर, त्याच्या निम्मे १.८३. नोड २ वर ३ किलोओहममधून १.६७ आणि सोर्समधून १.८३ येतात, ३.५ खाली जातात. ७ व्होल्टला २ किलोओहमनं भागलं तर ३.५ च.

या सहा आणि सातमध्ये एक गंमत दडलीय. शंकरपाळं काढून टाकलं, तर ६ किलोओहमचा रेझिस्टर असला काय नि नसला काय, नोड २ ला काही फरक पडत नाही. आदर्श बॅटरीच्या थेट दोन टोकांना जोडलेला रेझिस्टर स्वतःपुरता प्रवाह घेतो, शेजाऱ्यांना त्रास देत नाही. सरावलेला विद्यार्थी असा रेझिस्टर आकृतीत दिसला की मनातल्या मनात पुसून टाकतो, आणि इतर वेळी ते बरोबरच असतं. इथं मात्र त्या रेझिस्टरचा प्रवाह बॅटरीच्या प्रवाहात मिसळतो आणि बॅटरीचा प्रवाह सोर्सचं माप ठरवतो. पुसलेल्या रेझिस्टरसह बरोबर उत्तर ६ आहे. न पुसता ७. चुकीचा विद्यार्थी खरं तर वेगळंच सर्किट अचूक सोडवून मोकळा झालेला असतो.

नियंत्रण करणारा प्रवाह रेझिस्टरमधला असेल, तर काम सोपं आहे. पण तिथं चूक वेगळ्या वाटेनं येते, दिशेच्या. त्यासाठी ट्रान्झिस्टरचा एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर घेऊ. इनपुटला १० मिलिव्होल्टचा बारीक सिग्नल आहे. तो १ किलोओहममधून बेसवर येतो. बेस आणि एमिटर यांच्यामध्ये ट्रान्झिस्टरचा स्वतःचा १ किलोओहम रोध आहे. एमिटर ८० ओहममधून ग्राउंडला जातो. (दुकानात मागितला तर ८२ ओहमचा मिळेल, हिशेब गोल यावा म्हणून इथं ८०.) कलेक्टरपासून ग्राउंडपर्यंत, सिग्नलपुरतं बघितलं तर, १ किलोओहम. आणि कलेक्टरकडून एमिटरकडे प्रवाह ढकलणारं शंकरपाळं: बेसच्या प्रवाहाच्या ९९ पट. बेसचा प्रवाह बेसकडून एमिटरकडे वाहणारा धरायचा, आणि आकृतीत तसा बाण काढूनच ठेवायचा.

मिलिव्होल्टला किलोओहमनं भागलं की मायक्रोअँपिअर मिळतात. बेसच्या अंतर्गत रोधाला ओहमचा नियम लावला की बेसचा प्रवाह (VB − VE)/1, म्हणून सोर्सचा ९९ (VB − VE). शंकरपाळं आता व्होल्टेजच्या भाषेत बोलायला लागलं. बेस आणि एमिटर या दोन नोडचे जमाखर्च आवरून लिहिले तर असे दिसतात:

```
   2 VB  −       VE = 10
−100 VB  + 112.5 VE = 0
```

सुटतात लगेच: VB = 9, VE = 8. बेसमध्ये १ मायक्रोअँपिअर शिरतो, कलेक्टरमधून ९९ येतात, एमिटरमधून १०० खाली जातात; १०० मायक्रोअँपिअर गुणिले ८० ओहम म्हणजे ८ मिलिव्होल्ट. कलेक्टरवर उणे ९९ मिलिव्होल्ट. म्हणजे १० मिलिव्होल्टचा सिग्नल जवळजवळ दहापट होऊन उलटा बाहेर पडला.

त्या दोन ओळींमधल्या उणे चिन्हाच्या आकड्यांकडे पुन्हा एकदा बघण्यासारखं आहे. पहिल्या ओळीत VE समोर उणे १, दुसऱ्या ओळीत VB समोर उणे १००. सर्किटमध्ये फक्त रेझिस्टर आणि स्वतंत्र प्रवाह-स्रोत असतील तर हे दोन आकडे नेहमी सारखे येतात, कारण दोन नोडमधला रेझिस्टर दोन्हींशी सारखाच वागतो. डिपेंडंट सोर्स मात्र एकतर्फी असतो: बेस एमिटरला हुकूम देतो, एमिटर बेसला तसा उलट देत नाही. सर्किटमध्ये असा एकतर्फी सोर्स आहे आणि तरीही समीकरणं आरशातल्या प्रतिमेसारखी जुळी आली, तर बहुधा तो कुठंतरी लिहायचा राहिलाय.

आता सोर्सचा बाण एमिटरच्या ओळीत उलटा लागला असं समजा. ९९ पट प्रवाह एमिटरमध्ये शिरण्याऐवजी बाहेर पडतो असं लिहिलं गेलं. मग VE समोर ११२.५ च्या जागी उणे ८५.५ येतो. नोडच्या स्वतःच्या समीकरणात, जाणारे प्रवाह अधिक धरले असताना, त्याच नोडच्या व्होल्टेजसमोर उणे आकडा आला की थांबून बाण तपासावा. तसा आकडा दर वेळी चुकीचाच असतो असं नाही. पण साध्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये असतोच असतो. पुढे रेटलं तर बेसवर ११.७ मिलिव्होल्ट येतात, एमिटरवर १३.४. दोन्ही इनपुटच्या १० पेक्षा जास्त. याचा अर्थ प्रवाह सिग्नलकडून ट्रान्झिस्टरकडे न जाता उलट सिग्नलमध्येच शिरतोय. मायक्रोफोनला अ‍ॅम्प्लिफायर वीज पुरवतोय म्हणायचं!

संगणकाला हीच गणितं शिकवताना अभियंत्यांनाही हीच अडचण आली. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला स्पाइस हा सर्किट सोडवणारा प्रोग्रॅम लिहिला गेला. लॉरेन्स नेगल हा त्याचा कर्ता आणि डोनाल्ड पेडरसन त्याचा मार्गदर्शक. पहिली आवृत्ती शुद्ध नोड अ‍ॅनालिसिसवर चालायची, आणि व्होल्टेज स्रोत व प्रवाहावर चालणारे सोर्स यांच्यापाशी तिची कुचंबणा व्हायची. माणूस बॅटरीपाशी आल्यावर शेजारचा नाका बघतो आणि युक्ती काढतो. प्रोग्रॅमला कुठलंही सर्किट आलं तरी चालेल अशी एकच रीत हवी असते. आयबीएममधल्या चुंग-वेन हो, अल्बर्ट रूली आणि पिअर्स ब्रेनन यांनी १९७५ साली ती रीत प्रसिद्ध केली. तिचं नाव मॉडिफाइड नोडल अ‍ॅनालिसिस. त्यांनी ठरावच थोडा सैल केला: ज्या शाखेला ओहमचा नियम लागत नाही, तिथल्या प्रवाहाला सरळ अज्ञात माना, अक्षर द्या. एक अज्ञात वाढला म्हणून एक समीकरण वाढवा, आणि ते तर आयतंच आहे: या शाखेच्या दोन टोकांत इतके व्होल्ट. नेगलच्या स्पाइसच्या दुसऱ्या आवृत्तीनं हीच पद्धत घेतली.

सुरुवातीच्या सर्किटला हीच रीत लावली तर i तसाच ठेवायचा, नोड १ चा जमाखर्च वेगळा लिहायचा आणि `V1 = 12` ही ओळ जोडायची. तीन अज्ञात, तीन समीकरणं. डोकं न चालवता ७ येतं. चुकायला जागाच नाही, कारण i कुठून वाहतो याचा अंदाज करावा लागत नाही.

या निवडीची एक खूण आजही स्पाइसच्या कुटुंबातल्या प्रोग्रॅममध्ये दिसते. प्रवाहावर चालणारा प्रवाह-स्रोत F या अक्षरानं लिहितात, आणि कुठल्या प्रवाहावर चालायचं हे सांगताना रेझिस्टरचं नाव दिलेलं मूळ स्पाइसला चालत नाही. व्होल्टेज स्रोताचंच नाव द्यावं लागतं, कारण रेझिस्टरमधल्या प्रवाहासाठी प्रोग्रॅमकडे अक्षर नसतं. मग ट्रान्झिस्टरच्या बेससारख्या ठिकाणी काय करायचं? शून्य व्होल्टची बॅटरी मध्ये घालायची. सर्किटला तिची जाणीवही होत नाही, पण प्रोग्रॅमला ती अँमीटर म्हणून उपयोगी पडते. वरचा अ‍ॅम्प्लिफायर असा लिहिला जातो:

```
* emitter resistor amplifier, small signal
Vs   s 0 DC 10m
Rs   s b 1k
Vm   b x 0
Rpi  x e 1k
Re   e 0 80
Fq   c e Vm 99
Rc   c 0 1k
.op
.end
```

`Vm` हाच तो शून्य व्होल्टचा अँमीटर. स्पाइसमध्ये स्रोतातला प्रवाह पहिल्या नावाच्या टोकातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडणारा धरतात. म्हणून `Vm b x` म्हणजे बेसकडून आत, आणि `Fq c e` म्हणजे कलेक्टरकडून एमिटरकडे. चालवलं की c वर उणे ९९ मिलिव्होल्ट दिसतात.

आता `Vm b x` च्या जागी चुकून `Vm x b` लिहिलं गेलं तर? शून्य व्होल्टची बॅटरी उलटी लावली, त्यात काय बिघडायचंय, असं वाटतं. पण अँमीटर उलटा वाचतो, सोर्सचा बाण फिरतो. प्रोग्रॅम तक्रार करत नाही, आणि c वर उणे १६९.५ मिलिव्होल्ट छापतो. कुणालाही वाटावं, वा, अ‍ॅम्प्लिफायर जास्तच चांगला निघाला. गडबड कळायला त्या यादीतला दुसरा आकडा बघावा लागतो: `Vs` चा प्रवाह. वीज पुरवणाऱ्या स्रोताचा प्रवाह स्पाइस उणे दाखवतो, आणि बरोबर सर्किटमध्ये तो उणे १ मायक्रोअँपिअर असतो. उलट्या अँमीटरच्या सर्किटमध्ये तिथं अधिक १.७१ आलेला असतो.